पैलवान पोराचा खुराक: दूध, दही, पावडर किती द्यायची आणि किडनीची भीती कुठे खरी

गेल्या मे महिन्यात मुलाचा रक्ता-लघवीचा रिपोर्ट हातात पडला आणि मी लॅबच्या पायरीवरच बसले. क्रिएटिनिन १.३, युरिया ५२, लघवीत प्रोटीन एक प्लस, म्हणजे किडनीचे तिन्ही आकडे वाढलेले. मुलगा सोळा वर्षांचा, धडधाकट, कुस्ती खेळणारा. सहा आठवड्यांपासून तालमीतल्या एका मोठ्या मुलाने दिलेली पावडर तो दिवसातून दोन वेळा पीत होता, आणि ते मला त्या दिवशी कळलं. घरी सासूबाईंचं एकच म्हणणं, "पोऱ्याले दूध पाज, ती पावडर फेकी दे." शेजारच्या काकांचं म्हणणं त्याहून वेगळं, की दूध-दही सगळंच बंद करा, किडनीवर प्रोटीन चढलं आहे.

दोन महिन्यांनी सगळे रिपोर्ट नीट आले. मधल्या काळात किडनीच्या डॉक्टरांकडे तीन फेऱ्या झाल्या, मी वजनकाटा घेऊन स्वयंपाकघरात बसले आणि बरंच काही समजलं. आम्ही चोपडा तालुक्यातले. आपल्याकडे गावोगावी तालमी आहेत, कबड्डीचे संघ आहेत, पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी पहाटे रस्त्यावर धावताना दिसतात. त्यांच्या आईबापांसाठी हे क्रमाने लिहिते आहे.

लागणाऱ्या वस्तू फारशा नाहीत. स्वयंपाकघरातला ग्रॅमचा काटा, माणसाचं वजन करायचा काटा, उंची मोजायची पट्टी, एक वही, आणि पावडर सुरू असेल तर तिचा डबा (झाकण आणि मागची चिकटपट्टी शाबूत असलेला).

१. आधी मुलाचा आकडा काढा

प्रोटीन किती लागतं हे वजनावर ठरतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली भारतीयांसाठी जे प्रमाण दिलं, त्यात १६ ते १८ वयाच्या मुलाला दिवसाला ५५ ग्रॅम आणि मुलीला ४६ ग्रॅम प्रोटीन सांगितलं आहे. पण ते सर्वसाधारण मुलांसाठी. रोज दीड-दोन तास घाम गाळणाऱ्याला त्यापेक्षा जास्त लागतं. खेळाडूंच्या आहारात साधारण दर किलो वजनामागे १.२ ते २ ग्रॅम हा पट्टा धरतात. वाढत्या वयाच्या, नियमित सराव करणाऱ्या मुलाला आमच्या डॉक्टरांनी १.२ ते १.६ पुरेसं सांगितलं.

माझ्या मुलाचं वजन ५८ किलो. म्हणजे खालचा आकडा ७० ग्रॅम आणि वरचा ९३. आम्ही मधला दीड ग्रॅमचा हिशोब धरला, तो आला ८७ ग्रॅम. ४८ किलोची कबड्डी खेळणारी मुलगी असेल तर १.४ ने गुणून ६७ ग्रॅमच्या आसपास येईल.

इथे पहिली चूक होते ती अशी की मुलगा व्हायचं आहे ते वजन धरून गुणतो. "मला ७० किलोत जायचं आहे" म्हणून ७० ने गुणू नका. आज काट्यावर जे दिसतं तेच धरा आणि दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा मोजा, कारण या वयात वजन झपाट्याने बदलतं.

२. ताटात आधीच किती आहे ते मोजा

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि लोक नेमकी हीच गाळतात. तालमीत खुराक म्हटलं की दूध, बदाम, तूप, थंडाई आणि आता पावडर एवढंच मोजलं जातं. भाकरी आणि डाळ कोणी मोजतच नाही. जणू त्यात प्रोटीन नसतंच.

मी आठवडाभर मुलाच्या ताटातलं कच्च्या धान्याच्या वजनावर लिहून काढलं. शिजवल्यावर पाण्यामुळे वजन बदलतं, म्हणून पीठ मळायच्या आधी आणि डाळ शिजवायच्या आधी मोजायचं. त्याचा नेहमीचा दिवस असा निघाला:

- सकाळी म्हशीचं पाव लिटर दूध: ९ ग्रॅम
- दिवसभरात ज्वारीच्या तीन भाकरी, एकूण २१० ग्रॅम पीठ: २१ ग्रॅम
- दोन वेळचं घट्ट वरण, कच्ची तूरडाळ ५० ग्रॅम: ११ ग्रॅम
- मटकीची उसळ, कच्ची मटकी ३० ग्रॅम: ७ ग्रॅम
- शेंगदाणे, एक मोठी मूठ, ४० ग्रॅम: १० ग्रॅम
- थोडा भात, तांदूळ ५० ग्रॅम: ४ ग्रॅम
- दही, एक मोठी वाटी, २०० ग्रॅम: ६ ग्रॅम
- रात्री पुन्हा पाव लिटर दूध: ९ ग्रॅम

बेरीज ७७. पाहिजे होते ८७. म्हणजे ज्या पोराला तालमीत सांगितलं होतं की तुझं प्रोटीन फारच कमी पडतंय, त्याला कमी पडत होते फक्त दहा ग्रॅम. आणि त्या दहा ग्रॅमसाठी तो पावडरचे दोन स्कूप घेत होता, ४८ ग्रॅम प्रोटीनचे. एकूण १२५ ग्रॅम झाले, म्हणजे किलोमागे दोन ग्रॅमच्याही वर.

आपल्या खानदेशी जेवणाला या बाबतीत कमी लेखू नका. कळण्याची भाकरी हे तर उत्तम उदाहरण आहे. ज्वारीत उडीद दळून घातला की भाकरीतलं प्रोटीन वाढतंच, शिवाय ज्वारीत लायसिन नावाचा जो घटक कमी असतो तो उडदातून भरून निघतो. दूध-दही भाकरीबरोबर खाल्लं तरी हेच घडतं. जुन्या लोकांनी दह्यासोबत भाकरी खाल्ली ती पोषणाच्या दृष्टीने चुकीची नव्हती.

आकडे तुमच्या घरचे थोडे वेगळे येतील, पाच-सात ग्रॅम इकडे-तिकडे झाले तर काळजी नाही. घरात अंडी चालत असतील तर एका अंड्याचे सहा ग्रॅम धरा.

वजन मोजताना आणखी एक गोष्ट पाहा. मुलगा एकूणच पोटभर खातो का? भाकरी, भात, केळी यांतून पुरेशी ऊर्जा मिळाली नाही तर शरीर प्रोटीनच जाळून टाकतं आणि मग कितीही दूध पाजलं तरी अंगाला लागत नाही. माझा मुलगा "भाताने पोट सुटतं" म्हणून भात सोडायला निघाला होता. सरावाच्या तासभर आधी दोन केळी सुरू केल्यावरच त्याची संध्याकाळची चक्कर थांबली.

३. उरलेला फरक दुधा-दह्याने भरा

गाईच्या दुधात शंभर मिलीमागे साधारण ३.२ ग्रॅम प्रोटीन असतं, म्हशीच्या दुधात त्याहून थोडं जास्त, पावणेचारच्या आसपास. फरक खरा पडतो तो स्निग्धांशात. डेअरीच्या पावतीवर फॅट आणि एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून उरलेले घन घटक, असे दोन आकडे असतात. प्रोटीन एसएनएफमध्ये मोडतं. फॅट जास्त म्हणजे प्रोटीन जास्त, असं नाही. सायीसकट म्हशीचं दूध प्यायलं की पोट लवकर भरतं आणि मुलगा जेवण टाळतो. आम्ही साय काढून तूप करतो आणि त्याला खालचं दूध देतो, त्यात प्रोटीन जसंच्या तसं राहतं.

दह्यात शंभर ग्रॅमला तीन-साडेतीन ग्रॅम, म्हणजे जवळपास दुधाइतकंच. मात्र ज्याला दुधाने गॅस होतो, पोट गुडगुडतं, त्याला दही सहसा सोसतं, कारण विरजण लागताना दुधातली साखर काही प्रमाणात मोडते. दही फडक्यात बांधून पाणी गाळलं की जो चक्का उरतो त्यात प्रोटीन दाट असतं, साध्या दह्याच्या दुपटीहून जास्त. साखर घालून श्रीखंड केलं की मात्र हिशोब बिघडतो.

ताकाची गफलत बहुतेक घरांत होते. आमच्याकडे जेवणानंतर तांब्याभर ताक असतं आणि मी ते "दही खाल्लं" म्हणून मोजत होते. एका वाटी दह्याचं चार ग्लास ताक झालं तर एका ग्लासात पाव वाटी दही आलं, म्हणजे जेमतेम दीड-दोन ग्रॅम प्रोटीन. ताक पाण्यासाठी आणि मिठासाठी उत्तम, उन्हाळ्यात तर हवंच. पण प्रोटीनच्या खात्यात लिहू नका.

आमचा दहा ग्रॅमचा फरक असा भरला: सरावानंतर अर्ध्या तासात एक ग्लास दूध जास्त, आणि सोबत मूठभर भाजके फुटाणे. एवढंच. दुसऱ्या दिवशी दुधाचा कंटाळा आला तर पन्नास ग्रॅम पनीर.

दूध किती वाढवायचं यालाही मर्यादा आहे. पाऊण लिटरपर्यंत ठीक. दोन-दोन लिटर दूध पिणारे पैलवान आपण ऐकतो, पण दुधात लोह जवळजवळ नसतं आणि त्यातलं कॅल्शियम जेवणातल्या लोहाला शोषू देत नाही. वाढत्या मुलींचं हिमोग्लोबिन आधीच कमी असतं, त्यांच्या बाबतीत तर दुधाने जेवणाची जागा घेऊ देऊ नका. दूध जेवणाबरोबर न देता दोन जेवणांच्या मध्ये द्या.

एका बैठकीत किती, हेही विचारलं जातं. किलोमागे पाव ते ०.३ ग्रॅम, म्हणजे ५८ किलोच्या मुलाला एका वेळी १५ ते १७ ग्रॅम स्नायू बांधायला पुरतात. दुधात एक स्कूप पावडर घातली की ३३ ग्रॅम होतात. वरचं सगळं वाया जात नाही, पण त्याचा मोठा भाग ऊर्जेसाठी जळतो आणि नत्राचा भाग युरिया होऊन लघवीवाटे जातो. म्हणून दिवसातून चार वेळा थोडं थोडं देणं जास्त उपयोगी.

४. पावडर घ्यायचीच असेल तर डबा मागून वाचा

पावडर म्हणजे विष नव्हे. व्हे ही चीज किंवा पनीर करताना दुधातून वेगळ्या निघणाऱ्या पाण्याचीच पावडर आहे. परीक्षेच्या दिवसांत, स्पर्धेच्या गावी, जेवणाची सोय नसताना ती कामाची. पण घेण्याआधी तीन गोष्टी पाहा.

पहिली, शंभर ग्रॅममागे प्रोटीन किती. साध्या व्हे कॉन्सन्ट्रेटमध्ये ७० ते ८० ग्रॅम असतं. "मास गेनर" लिहिलेल्या मोठ्या डब्यात ते बहुतेक वेळा १५-२० ग्रॅमच असतं, बाकी माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे एक प्रकारची साखरच. लहान मुलांच्या चॉकलेटी माल्टच्या पावडरी तर या यादीत धरूच नका.

दुसरी, घटकांची यादी. आम्ही इथेच फसलो. मुलाच्या डब्यावर पुढे व्हे लिहिलं होतं आणि मागे बारीक अक्षरात क्रिएटिन मोनोहायड्रेट, ग्लायसिन, टॉरिन. प्रोटीन मोजण्याची नेहमीची रीत नत्र मोजण्याची आहे. स्वस्तातले हे नत्रयुक्त पदार्थ मिसळले की तपासणीत प्रोटीन जास्त दिसतं, प्रत्यक्षात ते कमी असतं. शिवाय क्रिएटिन शरीरात मोडून जे बनतं तेच क्रिएटिनिन, म्हणजे किडनीच्या रिपोर्टमधला तो आकडा. किडनी ठणठणीत असली तरी क्रिएटिन घेणाऱ्याचा आकडा वर जाऊ शकतो. अठरा वर्षांखालच्या मुलांना क्रिएटिन देऊ नये, असं अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचंही मत आहे.

तिसरी, एफएसएसएआयचा १४ अंकी परवाना क्रमांक, बॅच नंबर आणि न उघडलेलं सील. तालमीत पिशवीतून सुटी मिळणारी पावडर कितीही ओळखीच्या माणसाने दिली तरी घेऊ नका. अशा पावडरीत स्टेरॉइड मिसळलेली आढळतात. मुलगा राज्य किंवा राष्ट्रीय स्पर्धेत गेला आणि नाडा या उत्तेजकविरोधी संस्थेच्या तपासणीत काही सापडलं, तर "मला माहीत नव्हतं" एवढं सांगून सुटका होत नाही. शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूचीच असते.

डब्यातला स्कूपही काट्यावर मोजा. आमचा स्कूप शिगोशिग भरला तर ४२ ग्रॅम भरत होता, लेबलवर ३३ लिहिले होते.

पावडरीला घरचा पर्याय हवा असेल तर साधी स्किम्ड दूध पावडर घ्या. तिच्या २५ ग्रॅममध्ये ९ ग्रॅम प्रोटीन मिळतं. सोयाबीनच्या वड्या २० ग्रॅम भाजीत घातल्या तर १० ग्रॅम.

५. किडनीची काळजी आधी कोणी करायची

निरोगी किडनीवर खेळाडूच्या प्रमाणातलं प्रोटीन "चढत" नाही. जास्त प्रोटीन खाल्लं की किडनी थोडी जास्त गाळणी करते, युरिया थोडा वाढतो, हे तिचं नेहमीचं काम आहे. निरोगी मोठ्या माणसांवर झालेल्या अभ्यासांत जास्त प्रोटीनमुळे किडनीचं काम खालावल्याचं दिसलेलं नाही. पण ते अभ्यास प्रौढांचे आहेत, सोळा वर्षांच्या मुलांचे नाहीत. म्हणूनच डॉक्टरांनी मला वरच्या टोकाला न जाता मधला आकडा धरायला सांगितला.

मात्र काही मुलांना सुरुवात करण्याआधीच तपासायला हवं. जन्मतः एकच किडनी आहे, लहानपणी सूज येऊन लघवीतून प्रोटीन गेलं होतं, वारंवार लघवीचा संसर्ग होतो, मूतखडा झाला आहे, मधुमेह किंवा रक्तदाब आहे, घरात आई-बाप, आजोबा यांपैकी कोणाला किडनीचा आनुवंशिक आजार आहे, अशांनी प्रोटीन वाढवायचा निर्णय डॉक्टरांशिवाय घेऊ नये. रक्तदाब प्रत्येकाचा एकदा मोजून घ्या. तेरा वर्षांवरच्या मुलाचा १३०/८० किंवा त्यावर पुन्हापुन्हा येत असेल तर तो जास्त आहे, "घाबरला असेल" म्हणून सोडू नका.

मूतखड्याच्या भीतीने दूध बंद करणारेही खूप भेटले. दुधातलं कॅल्शियम जेवणातल्या ऑक्झलेटला आतड्यातच बांधून ठेवतं, त्यामुळे नेहमीच्या प्रमाणातलं दूध खडा वाढवत नाही. आपल्या भागात खड्याचं मोठं कारण उन्हात कमी पडणारं पाणी हे आहे.

६. तपासणी कधी, कशी आणि रिपोर्ट कसा वाचायचा

आमची पहिली तपासणी चुकीच्या दिवशी झाली होती. आदल्या संध्याकाळी मुलाने दोन तास मॅटवर सराव केला होता, पारा ४४ वर होता, रात्री तो जेमतेम दोन ग्लास पाणी पिऊन झोपला आणि सकाळी उपाशीपोटी रक्त दिलं. पावडर सुरूच होती. या एकेका गोष्टीने रिपोर्ट बिघडू शकतो. जोराच्या व्यायामानंतर लघवीत थोडं प्रोटीन येतं आणि साधारण एक-दोन दिवसांत जातं. पाणी कमी असलं की युरिया वर जातो. क्रिएटिन आणि जास्त स्नायू यांनी क्रिएटिनिन वर जातं.

दुसऱ्यांदा डॉक्टरांनी अशी तयारी करायला लावली:

- क्रिएटिन असलेली पावडर दोन आठवडे पूर्ण बंद
- तपासणीआधी तीन दिवस सराव बंद, फक्त चालणं
- पाणी नेहमीसारखं, मुद्दाम तांबेच्या तांबे नाही
- सकाळी उठल्यावरची पहिली लघवी, घरूनच स्वच्छ डबीत
- आठवडाभर वेदनाशामक गोळी नाही

सोबत नेण्याचे कागद: जुने सगळे रिपोर्ट, मुलाची उंची आणि वजन लिहिलेला कागद, पावडरचा डबा, आठवड्याच्या खाण्याची वही, आणि चालू गोळ्यांची पाकिटं. डॉक्टरांनी सगळ्यात जास्त वेळ डबा आणि वही यांवर घालवला. तपासण्या सांगताना क्रिएटिनिन, युरिया, लघवीची साधी तपासणी आणि लघवीतल्या अल्ब्युमिन-क्रिएटिनिनचं प्रमाण एवढ्या पुरेशा असतात. धुळे आणि जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत पहिली चौकशी करता येते.

आता रिपोर्ट वाचण्याबद्दल. बऱ्याच लॅब क्रिएटिनिनच्या खाली ईजीएफआर छापतात, म्हणजे किडनी मिनिटाला किती गाळते त्याचा अंदाज. तो प्रौढांच्या सूत्राने काढलेला असतो. अठराखालच्या मुलाला ते सूत्र लागू नाही. मुलांसाठी उंची धरून काढायचं सोपं सूत्र आहे:

```
ईजीएफआर = ०.४१३ × उंची (सेंमी) ÷ क्रिएटिनिन
```

माझ्या मुलाची उंची १६८. म्हणजे ०.४१३ गुणिले १६८ म्हणजे ६९.४. पहिल्या रिपोर्टला १.३ ने भागलं तर आले ५३, नॉर्मल धरतात त्या नव्वदच्या बरेच खाली, ऐकूनच धडकी भरणारा आकडा. दुसऱ्या वेळी क्रिएटिनिन ०.९ आलं, म्हणजे ७७. युरिया ३४, लघवीत प्रोटीन नाही, अल्ब्युमिनचं प्रमाण ३० च्या आत. तरी ७७ बघून मी पुन्हा घाबरले. डॉक्टर म्हणाले, "ताई, हे सूत्र किडनीचा आजार असलेल्या मुलांच्या मोजमापांवरून बनवलं आहे. कमावलेल्या अंगाच्या निरोगी पोराला ते कमी दाखवतं, कारण त्याचं क्रिएटिनिन स्नायूंतूनच जास्त येतं."

खात्रीसाठी त्यांनी सिस्टॅटिन सी ही रक्ताची तपासणी सांगितली. तिच्यावर स्नायूंचा फारसा परिणाम होत नाही. आमच्याकडे नमुना बाहेर पाठवावा लागला, तीन दिवस लागले, आणि ती नॉर्मल आली. सोनोग्राफीत दोन्ही किडन्या व्यवस्थित. प्रत्येकाला ही तपासणी लागत नाही. तयारी करून केलेल्या दुसऱ्या तपासणीतही क्रिएटिनिन शंकास्पद राहिलं तरच.

एकाच रिपोर्टवरून "किडनी गेली" असं ठरवू नका. उलटही तितकंच खरं, दुसऱ्या तपासणीतही लघवीत प्रोटीन दिसलं तर "व्यायामामुळे असेल" म्हणून टाळू नका.

७. किडनीला खरी इजा कशाने होते

हे मला सगळ्यात उशिरा कळलं आणि सगळ्यात जास्त सांगावंसं वाटतं. दुधाच्या ग्लासाला घाबरत असताना माझ्या घरात तीन धोक्याच्या गोष्टी सुरू होत्या आणि मी त्यांच्याकडे पाहतही नव्हते.

पहिली, वजन उतरवणं. मुलगा ६० किलोच्या गटात खेळतो. स्पर्धेआधी वजन ६१ वर गेलं की दोन दिवस पाणी तोडायचं, प्लास्टिकचा कोट घालून पळायचं, थुंकत बसायचं. १९९७ मध्ये अमेरिकेत काही आठवड्यांच्या आत तीन कॉलेज पैलवान असंच वजन उतरवताना मरण पावले, त्यानंतर तिथले नियम बदलले. ते हिवाळ्यात घडलं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो. वजन उतरवायचंच असेल तर महिनाभर आधी खाण्यातून, नाहीतर वरच्या गटात खेळायचं. वस्ताद आधी तयार नव्हते, म्हणाले, "वहिनी, आम्ही सगळे असेच खेळलो." मी रिपोर्ट दाखवल्यावर त्यांनी आता तालमीत पाणी तोडायला मनाई केली आहे.

घामाचा हिशोब काट्यावर होतो. सरावाआधी आणि नंतर कोरड्या अंगाने वजन करा. एक किलो कमी झालं तर साधारण एक लिटर पाणी गेलं. पुढच्या काही तासांत सव्वा ते दीड लिटर परत जायला हवं, थोडं थोडं, मिठाचं ताक किंवा ओआरएस धरून. माझ्या मुलाचं एका सरावात दीड किलो उतरत होतं.

दुसरी, दुखण्याच्या गोळ्या. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, नावं वेगळी पण काम एकच. अंग कोरडं पडलेलं असताना किडनीचा रक्तपुरवठा टिकवणारी जी यंत्रणा चालू असते, तीच या गोळ्या बंद करतात. मुलगा खांदा दुखतो म्हणून मेडिकलमधून आणून सरावाआधी घेत होता. उन्हाळा, कमी पाणी आणि ही गोळी एकत्र आली की निरोगी किडनीसुद्धा काही दिवसांत दुखावते.

तिसरी, शिक्षा म्हणून किंवा पैजेने मारलेल्या शेकडो बैठका, विशेषतः आजारपणानंतर किंवा सुटीनंतर पहिल्याच दिवशी. स्नायू फुटतात, त्यातला तांबडा पदार्थ रक्तात येऊन किडनीत अडकतो. याची खूण ठळक आहे: मांड्या ताठ, प्रचंड दुखणं, आणि लघवी काळ्या चहासारखी. असं झालं तर घरी पाणी पाजत बसू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या, रात्र असली तरी.

दवाखाना गाठायच्या आणखी खुणा: सकाळी डोळ्यांभोवती किंवा पायांवर सूज, रोज फेस येणारी आणि न विरणारी लघवी, दिवसभरात लघवी फारच कमी होणं, लघवीत रक्त. साधी गडद पिवळी लघवी म्हणजे मात्र पाणी कमी, आधी तेच वाढवा. व्हिटॅमिन बीच्या गोळीनेही लघवी पिवळीजर्द होते, त्याने घाबरू नका.

मुलगा आता तीन ग्लास दूध, एक वाटी दही आणि मूठभर फुटाणे यांवर आहे. पावडरचा डबा मी फेकला नाही, कपाटात वरच्या फळीवर ठेवला आहे, मागचं लेबल दिसेल असा. तालमीतली पोरं घरी आली की तो स्वतःच त्यांना ते काढून दाखवतो.